दोन दुकाने रस्त्याच्या मध्यावरच का येतात?

एका सरळ रस्त्यावर दोनच किराणा दुकाने असतील, दोघांचा माल सारखा असेल, भाव सारखा असेल आणि जागा निवडण्याची मोकळीक दोघांनाही असेल, तर ती दोन्ही दुकाने शेवटी रस्त्याच्या मध्यावर एकमेकांना खेटून उभी राहतात. रस्त्याच्या टोकांना राहणाऱ्यांची त्यामुळे पायपीट वाढते आणि दोघांपैकी एकाही दुकानदाराचा धंदा वाढत नाही. तरीही दोघे तिथून हलत नाहीत, कारण जो एकटा हलेल तो गिऱ्हाईक गमावेल. अर्थशास्त्रात हे कोडे हॅरॉल्ड हॉटेलिंग या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखले जाते. पाठ्यपुस्तकांत ते बहुधा समुद्रकिनाऱ्यावरच्या दोन आइस्क्रीमवाल्यांच्या रूपात सांगितले जाते. पण किराणा दुकानाच्या हिशेबात ते अधिक सरळ उलगडते.

एक किलोमीटरचा हिशेब

रस्ता पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारा आणि बरोबर १००० मीटर लांबीचा आहे असे धरले, आणि दर मीटरला एक कुटुंब राहते असे मानले, तर एकूण हजार कुटुंबे झाली. प्रत्येक कुटुंब रोज एकदा किराणा आणायला जाते. दोन्ही दुकानांत साखर एकाच भावाने मिळत असल्यामुळे निवड करण्यासाठी एकच कसोटी उरते : जे दुकान जवळ, तिथे जायचे. दुकानाची जागा पश्चिम टोकापासून मोजायची.

सुरुवातीला दुकान अ २५० मीटरवर आणि दुकान ब ७५० मीटरवर आहे. दोघांच्या बरोबर मध्ये, म्हणजे ५०० मीटरवर, त्यांच्या गिऱ्हाइकांची सीमा पडते. पश्चिमेकडची पाचशे कुटुंबे अ कडे जातात, पूर्वेकडची पाचशे ब कडे. कोणालाही २५० मीटरपेक्षा जास्त चालावे लागत नाही. वाटणी इतकी नीटस आहे की तिच्यात बदल करण्याचे काही कारण वरवर पाहता दिसत नाही.

आता अ च्या मालकाने दुकान शंभर मीटर पूर्वेला, म्हणजे ३५० मीटरवर हलवले. नवी सीमा ३५० आणि ७५० यांच्या मध्यावर, म्हणजे ५५० मीटरवर आली. अ ची पन्नास कुटुंबे वाढली आणि ब ची तेवढीच कमी झाली. पश्चिम टोकाला राहणाऱ्या कुटुंबाला पूर्वी २५० मीटर चालावे लागे, आता ३५० मीटर चालावे लागते. ते कुटुंब कुरकुर करील, पण जाणार कुठे? दुसरे दुकान त्याच्यापासून ७५० मीटर दूर आहे.

सगळा खेळ या एका गोष्टीवर उभा आहे. दुकानाच्या पाठीमागचे गिऱ्हाईक हातचे सुटत नाही. त्याची वाट लांबली तरी दुसरे दुकान त्याच्यासाठी त्याहूनही लांबच असते. दोन दुकानांच्या मधले गिऱ्हाईक मात्र कोणाचेच बांधील नसते, आणि प्रतिस्पर्ध्याच्या दिशेने टाकलेल्या प्रत्येक दोन मीटरांमागे त्यातले एक मीटर पदरात पडते. मागे काही जात नाही आणि पुढे काहीतरी मिळते, असा हा व्यवहार आहे. जोवर दोन दुकानांत अंतर आहे तोवर तो दोघांनाही मोहात पाडत राहतो.

ब चा मालकही हा हिशेब करू शकतो. त्याने ६५० मीटरवर दुकान नेले तर सीमा पुन्हा ५०० वर येईल आणि वाटणी पूर्ववत होईल. पण त्याच्यासाठी याहून चांगली जागा आहे. तो थेट अ च्या शेजारी, ३५१ मीटरवर गेला, तर त्याच्या पूर्वेकडचा जवळजवळ सगळा रस्ता, म्हणजे सुमारे ६५० कुटुंबे त्याची होतात आणि अ कडे जेमतेम ३५० उरतात. मग अ ला पश्चिम बाजूला अडकून राहणे परवडत नाही. तो ब ला ओलांडून त्याच्या पूर्वेला जाऊन बसतो आणि मोठा तुकडा स्वतःकडे घेतो. मग ब तेच करतो. पावलापावलाने सरकत गेले किंवा अशा उड्या मारत गेले, तरी दोघेही सरकतात ते जिकडे मोठा तुकडा आहे तिकडे. दोन्ही बाजूंचे तुकडे सारखे झाले की हा मोह संपतो, आणि तसे फक्त ५०० मीटरवर होते.

तिथे दोघे शेजारी उभे असताना एकाने हलून बघितले तर काय होते? ब १०० मीटर पूर्वेला, ६०० मीटरवर गेला तर सीमा ५५० वर येते आणि त्याच्याकडे पाचशेऐवजी साडेचारशे कुटुंबे राहतात. पश्चिमेला गेला तरी तेच. म्हणजे समोरचा जिथे आहे तिथेच राहणार असेल, तर दोघांपैकी कोणालाही स्वतःची जागा बदलून फायदा नाही. अशा स्थितीला समतोल म्हणतात. समतोल याचा अर्थ ती स्थिती चांगली आहे असा नव्हे. एकट्याने तिच्यातून बाहेर पडण्यात कोणाचाच लाभ नाही, एवढाच.

हिशेब कोणाच्या माथी?

सुरुवातीच्या मांडणीत चालण्याचे अंतर शून्य ते २५० मीटर होते; सरासरी १२५ मीटर. दोन्ही दुकाने मध्यावर आल्यावर ते शून्य ते ५०० मीटर झाले. सरासरी २५० मीटर. हजार कुटुंबांची एका दिवसाची जाऊन-येऊन चाल पूर्वी एकूण २५० किलोमीटर होती, ती आता ५०० किलोमीटर झाली. दुकानदारांचा गल्ला मात्र होता तेवढाच आहे : प्रत्येकी पाचशे कुटुंबे. रस्त्यावरची पायपीट दुप्पट झाली आणि तिच्या बदल्यात कोणाच्याही पदरात काही पडले नाही.

दोघा दुकानदारांनी एकत्र बसून २५० आणि ७५० या जागा ठरवून घेतल्या तरी अडचण सुटत नाही. ठराव झाल्यानंतरही प्रत्येकाला थोडे आत सरकण्याचा लाभ तसाच शिल्लक राहतो, आणि दुसऱ्याने शब्द पाळला तर तो लाभ आणखीच निश्चित होतो. दोन्ही दुकाने एकाच मालकाची असती तर त्याला स्वतःच्याच दुसऱ्या दुकानाचे गिऱ्हाईक ओढून काही मिळाले नसते. त्याने ती लोकांच्या सोयीने लांब लांब ठेवली असती.

१९२९ चा लेख

हॉटेलिंग यांचा जन्म १८९५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात झाला. त्यांनी पहिली पदवी पत्रकारितेत घेतली, मग ते गणिताकडे वळले आणि पुढे संख्याशास्त्रात त्यांनी मोठे नाव कमावले. ‘इकॉनॉमिक जर्नल’ या ब्रिटिश नियतकालिकात १९२९ मध्ये त्यांचा ‘स्टॅबिलिटी इन कॉम्पिटिशन’ हा लेख आला. त्यात त्यांनी एक सरळ रेषा घेतली आणि ती एखाद्या गावाचा मुख्य रस्ता आहे किंवा देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा लोहमार्ग आहे, असे समजायला सांगितले.

त्यांचा मूळ वाद जागेबद्दलचा नव्हता, किमतीबद्दलचा होता. त्याआधीच्या अर्थशास्त्रात असे मानले जाई की दोन विक्रेते एकच वस्तू विकत असतील, तर एकाने एक पैसा भाव उतरवताच सगळे गिऱ्हाईक त्याच्याकडे धावते. बर्ट्राँ या फ्रेंच गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकात मांडलेला विचार असाच होता. हॉटेलिंग यांचे म्हणणे असे, की प्रत्यक्षात असे होत नाही. भाव थोडा उतरला तर थोडेच गिऱ्हाईक हलते. बाकीचे जवळ पडते म्हणून, ओळख आहे म्हणून किंवा मालाची चव आवडते म्हणून जुन्याच दुकानात राहते. रस्ता हे या चिकटपणाचे चित्र होते. म्हणूनच त्यांनी रेषेवरचे अंतर केवळ मीटरांत मोजायचे नाही, असेही सुचवले. सरबत किती गोड असावे, ही सुद्धा एक रेषाच आहे. एका टोकाला अगदी आंबट, दुसऱ्या टोकाला अगदी गोड. दोन उत्पादक या रेषेवर जागा निवडताना तसेच मध्याकडे सरकतात, आणि बाजारात एकसारखी सरबते दिसू लागतात.

याच लेखात त्यांनी अमेरिकेतल्या रिपब्लिकन आणि डेमोक्रॅटिक पक्षांचे उदाहरण दिले. मतांची रेषा डावीकडून उजवीकडे आहे असे मानले, तर टोकाचा मतदार आपल्याच पक्षाला बांधलेला असतो आणि पक्षाचे लक्ष मधल्या मतदारावर असते. अँथनी डाउन्स यांनी १९५७ मध्ये लोकशाहीच्या आर्थिक सिद्धांतावरच्या आपल्या पुस्तकात हाच धागा पुढे नेला.

मध्य कशाचा?

वरच्या उदाहरणात कुटुंबे सारख्या अंतरावर राहत होती, म्हणून रस्त्याचा मध्य आणि वस्तीचा मध्य एकच होता. वस्ती एका बाजूला दाट असेल तर हे दोन मध्य वेगळे होतात, आणि दुकाने वस्तीच्या मध्यावर जातात.

त्याच किलोमीटरभर रस्त्यावर पहिल्या ३०० मीटरमध्ये चाळी आहेत आणि तिथे दर मीटरला दोन कुटुंबे राहतात, असे मानले तर तिथे ६०० कुटुंबे झाली. उरलेल्या ७०० मीटरमध्ये विरळ बंगले आहेत आणि तिथे मिळून ४०० कुटुंबे आहेत. पश्चिमेकडून मोजत गेले तर पाचशेवे कुटुंब २५० मीटरवर सापडते. त्याच्या पश्चिमेला निम्मी कुटुंबे, पूर्वेला निम्मी. दुकानांची जागा हीच. एखाद्याने नकाशावर फूटपट्टी ठेवून ५०० मीटरवर दुकान थाटले, तर दुसरा त्याच्या किंचित पश्चिमेला, ४९० मीटरवर बसेल आणि सातशेहून अधिक कुटुंबे घेऊन जाईल.

संख्याशास्त्रात या बिंदूला मध्यक म्हणतात. तो सरासरीपेक्षा वेगळा असतो. पूर्व टोकाचे बंगले आणखी दोन किलोमीटर पुढे गेले तरी अंतरांची सरासरी बदलेल, पण पाचशेवे कुटुंब आहे तिथेच राहील आणि दुकानेही तिथेच राहतील. दुकानदार अंतरे मोजत नसतो, डोकी मोजत असतो.

टोकाचे गिऱ्हाईक घरीच बसले तर

आतापर्यंतच्या हिशेबात एक गृहीतक गुपचूप काम करत होते : अंतर कितीही वाढले तरी गिऱ्हाईक येणारच. साखरेसाठी पाचशे मीटर चालणारा माणूस कोथिंबिरीच्या जुडीसाठी चालेलच असे नाही. आर्थर स्मिथीज यांनी १९४१ मध्ये या गृहीतकाकडे बोट दाखवले. त्यांच्या मते, दूरचे गिऱ्हाईक खरेदी कमी करत असेल तर पाठीमागची बाजू फुकट हातात राहत नाही, आणि मध्याकडे जाण्याची ओढ सैल पडते.

लोक ४०० मीटरपेक्षा जास्त चालत नाहीत, असे मानून तोच रस्ता पुन्हा पाहता येतो. अ २५० वरून आत सरकू लागला. ४०० मीटरपर्यंत त्याला मागे काही गमवावे लागत नाही, कारण पश्चिम टोकाचे कुटुंब अजून चारशेच्या आत आहे. तिकडून ब सुद्धा ६०० पर्यंत येतो. पण यापुढे हिशेब उलटतो. अ ने आणखी दहा मीटर पूर्वेला सरकायचे ठरवले तर मागच्या टोकाची दहा कुटुंबे दुकानापासून तुटतात आणि पुढे सीमेवर फक्त पाच मिळतात. दहा देऊन पाच घेण्याचा हा व्यवहार कोणी करत नाही. त्यामुळे दोघे ४०० आणि ६०० वर थांबतात, मधल्या दोनशे मीटरला हात न लावता.

लोकांच्या चालण्याची तयारी २५० मीटरपुरतीच असेल, तर दुकाने २५० आणि ७५० वरून हलतच नाहीत. म्हणजे लोकांसाठी सर्वांत सोयीची मांडणी टिकून राहते, ती केवळ लोक फार चालायला तयार नसतात म्हणून. राजकारणातही हेच दिसते. टोकाचा मतदार ‘दोघेही सारखेच’ म्हणून मतदानाला बाहेर पडला नाही, तर पक्षाला पाठीमागची बाजू सांभाळावी लागते आणि मध्याकडे जाण्याला लगाम बसतो.

भाव हातात आला की

दुसरे मोठे गृहीतक भावाचे आहे. दोघांचा भाव ठरलेला असेल तर वरचा सगळा हिशेब चालतो. पण दुकानदाराला भाव बदलता येत असेल, तर शेजारी जाऊन बसणे धोक्याचे होते. हॉटेलिंग यांनी आपल्या लेखात भावही हिशेबात घेतला होता आणि तरीही दुकाने एकमेकांच्या जवळ येतील, असा निष्कर्ष काढला होता. त्यातली चूक पन्नास वर्षांनी उघड झाली. बेल्जियममधील द’आस्प्रेमाँ, गॅब्झेविच आणि तिस या तीन अर्थशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’ या नियतकालिकात एक छोटा लेख लिहून ती दाखवली. तीच गोष्ट आपल्या रस्त्यावरच्या आकड्यांत मांडता येते.

चालण्याचा त्रास पैशांत मोजायचा आणि तो दर शंभर मीटरला एक रुपया धरायचा. प्रत्येक कुटुंब रोज एकच पिशवी घेते आणि भाव अधिक चालण्याचा त्रास यांची बेरीज जिथे कमी, तिथे जाते. दुकाने २५० आणि ७५० वर आहेत. खरेदीची किंमत वजा करून दोघेही पिशवीमागे दहा रुपये नफा ठेवतात. प्रत्येकाकडे पाचशे कुटुंबे, म्हणून रोजचा नफा प्रत्येकी ५००० रुपये. अ ने भाव एक रुपयाने वाढवला, तर सीमा पन्नास मीटर सरकते; साडेचारशे कुटुंबांवर अकरा रुपये, म्हणजे ४९५० रुपये. एक रुपयाने उतरवला, तर साडेपाचशे कुटुंबांवर नऊ रुपये, पुन्हा ४९५० रुपये. वर किंवा खाली, दोन्हीकडे तोटा आहे; म्हणून दहा रुपयांवर दोघेही स्थिर राहतात. हॉटेलिंग यांनी तपासले ते इतकेच : भावातला लहानसा बदल.

तपासायचा राहिला तो मोठा बदल. अ ने एकदम पाच रुपयांहून थोडा अधिक भाव पाडला, तर ब च्या दारातल्या माणसालाही अ पर्यंत पाचशे मीटर चालून जाणे परवडते, आणि मग ब च्या मागची सगळी कुटुंबेही अ कडेच येतात. पण हजार पिशव्यांवर पाच रुपयांहून थोडा कमी नफा, म्हणजे ५००० रुपयांहून थोडे कमीच. २५० आणि ७५० वर हा मोह जेमतेम आवरतो.

दुकाने ४०० आणि ६०० वर आली की तो आवरत नाही. अंतर दोनशे मीटर, म्हणजे चालण्याचा त्रास दोन रुपयांचा. अ ने नफा दहावरून आठ रुपयांच्या किंचित खाली आणला की सगळा रस्ता त्याचा : हजार पिशव्यांवर जवळजवळ ८००० रुपये. ब गप्प बसणार नाही, तोही भाव पाडेल. मग परत अ. दोघे भाव पाडत जातात, आणि नफा फार उतरला की एकाला आपल्या पाठीमागच्या गिऱ्हाइकांपुरता भाव पुन्हा वाढवणे जास्त फायद्याचे ठरते. तो वाढवतो, दुसराही वाढवतो आणि चक्र पुन्हा सुरू होते. जागा इतक्या जवळ असताना असा एकही भाव सापडत नाही की ज्यावर दोघे थांबतील. आणि दुकाने अगदी भिंतीला भिंत लावून असली, तर अंतराचे संरक्षण शून्य होते आणि नफाही शून्याकडे जातो. म्हणजे हॉटेलिंग यांनी ज्या बर्ट्राँच्या निष्कर्षाला विरोध केला होता, तोच त्यांच्या रस्त्याच्या मध्यावर उभा ठाकतो.

त्याच तिघांनी एक पर्यायी हिशेबही केला. चालण्याचा त्रास अंतराच्या प्रमाणात न वाढता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो असे मानले, म्हणजे दुसरे शंभर मीटर पहिल्या शंभरापेक्षा जास्त जड वाटतात असे धरले, तर कुठल्याही जागांवर भावाचा समतोल मिळतो. पण मग दुकाने एकमेकांपासून दूर पळतात आणि रस्त्याच्या दोन टोकांना जाऊन बसतात. दुकानदाराला दोन ओढी एकाच वेळी ओढत असतात. गिऱ्हाइकाची ओढ प्रतिस्पर्ध्याकडे नेते, आणि भावाच्या लढाईची धास्ती त्याच्यापासून लांब नेते. भाव गोठलेला असेल तर पहिली ओढ जिंकते; भाव मोकळा असेल तर दुसरी जिंकू शकते.

भारतात बंद पाकिटांवर कमाल किरकोळ किंमत छापावी लागते. तिच्याहून कमी भावात विकायला मनाई नाही, पण गल्लीतले छोटे दुकानदार बिस्किटांचा पुडा किंवा साबणाची वडी बहुधा छापील किमतीलाच देतात. अशा मालापुरता हॉटेलिंग यांचा साधा, ठरलेल्या भावाचा रस्ता प्रत्यक्षाच्या बराच जवळ येतो. सुट्या धान्याचा किंवा भाजीचा भाव दुकानदाराच्या हातात असतो; तिथे शेजारी बसण्याची किंमत मोजावी लागते.

तिसरा आला की

दोनचे तीन झाले की मध्यावरची शांतता मोडते. तीन दुकाने २५०, ५०० आणि ७५० वर असली तर बाहेरच्या दोघांना प्रत्येकी ३७५ आणि मधल्याला २५० कुटुंबे मिळतात. बाहेरचे दोघे आत सरकत जातात. ते ४९० आणि ५१० वर पोचले की मधल्याकडे जेमतेम दहा कुटुंबे उरतात. मग तो उडी मारून ४८९ वर जातो आणि सुमारे ४८९ कुटुंबे घेतो. आता मधे सापडला तो ४९० वाला, आणि उडी मारायची पाळी त्याची. ॲबा लर्नर आणि हान्स सिंगर यांनी १९३७ मध्ये दाखवले की तीन दुकानांना या रस्त्यावर थांबायला जागाच नाही.

चार दुकानांना मात्र ती मिळते : दोन २५० वर शेजारी शेजारी आणि दोन ७५० वर शेजारी शेजारी. प्रत्येकाला २५० कुटुंबे मिळतात. इथे योगायोगाने लोकांचीही सोय होते, कारण दुकाने बरोबर त्या दोन बिंदूंवर असतात जिथे दोनच दुकाने असती तर ती असायला हवी होती. तेव्हा सगळी दुकाने मध्यावर येतात हा सर्वसाधारण नियम नव्हे. तो दोनांपुरता आहे.

रस्त्यावर ओळखायचे कसे?

एकाच मालाची दुकाने शेजारी शेजारी दिसली की दर वेळी कारण हेच असते असे नाही. मुंबईच्या लोहार चाळीत विजेच्या सामानाची दुकाने ओळीने आहेत, झवेरी बाजारात सराफी पेढ्या आहेत, पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात पुस्तकांची दुकाने आहेत. तिथे येणारे गिऱ्हाईक जवळ पडते म्हणून आलेले नसते. ते शहराच्या दुसऱ्या टोकाहून आलेले असते, कारण चार दुकानांत फिरून भाव आणि माल ताडून पाहता येतो आणि एका दुकानात नसलेली वस्तू दुसऱ्यात मिळते. इथे दुकाने एकमेकांचे गिऱ्हाईक ओढत नाहीत. सगळी मिळून नवे गिऱ्हाईक ओढून आणतात. रुग्णालयासमोरच्या औषधांच्या दुकानांचे कारण तिसरेच असते : तिथे वस्तीच एका दारात गोळा झालेली असते आणि मध्यक त्या दाराशीच असतो.

या कारणांतला फरक एका प्रश्नाने कळतो. शेजारचे दुकान कायमचे बंद झाले तर या दुकानाचा धंदा वाढेल की कमी होईल? हॉटेलिंग यांच्या रस्त्यावर तो दुप्पट होईल, कारण पाचशे कुटुंबांना दुसरी वाटच उरणार नाही. रुग्णालयासमोरही तो वाढेल, पण तिथे दुकान हलवून पायपीट वाचवण्याला वाव नाही. लोहार चाळीत मात्र एकामागून एक दुकाने बंद पडू लागली, तर उरलेल्यांकडे येणारी पावलेही कमी होतील.